जंगबारी बोलीतलं ‘आम्ही’

माझ्या कानाला एक खोड आहे. कुणी ‘आम्ही’ म्हटलं की मी लगेच माणसं मोजू लागतो. जावई घरी येऊन “आम्ही उद्या निघू” म्हणाला, तर तो एकटा निघणार की लेकीला घेऊन, हे विचारल्याशिवाय मला घास जात नाही. बायकोला हा म्हाताऱ्याचा चळ वाटतो. चळच असेल. पण तो मला कुठे लागला ते पक्कं आठवतं. तरुणपणी, अकोल्याच्या कचेरीत.

मी मूळचा अमरावतीचा. त्या काळात विलायतेला आमच्या कापसाची अशी काही भूक लागली होती की काळ्या मातीत दुसरं काही पेरणारा माणूस खुळा ठरत असे. मुंबईकडून रेल्वे आली, तिच्यामागून व्यापारी आले, आणि व्यापाऱ्यांमागून दलाल, हमाल, आचारी, भटके असे सगळेच आले. थोडं इंग्रजी येणाऱ्या पोराला कचेरीत सहज जागा मिळे. मलाही मिळाली. काम म्हणजे सिरस्तेदार सांगतील ते लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. सिरस्तेदार पुण्याकडचे, मोठे विद्वान आणि अतिशय अदबीचे गृहस्थ. शिपायालासुद्धा ते ‘अहो’ म्हणत. आमची वऱ्हाडी बोली त्यांच्या कानाला खडबडीत लागे. मी एकदा चुकून त्यांना “तुमाले पानी आनू काय?” विचारलं, तर ते पाणी न पिता नुसते हसले.

एके सकाळी स्टेशनावरचा शिपाई एका शिद्दी बाईला आणि सात-आठ वर्षांच्या मुलीला कचेरीत घेऊन आला. मालधक्क्यावर कापसाच्या गठाणींच्या आडोशाला दोघी बसल्या होत्या आणि येईल त्या गाडीकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. बाई उंच, हाडापेराने मजबूत. मुलीने तिचा पदर मुठीत असा धरला होता की शिपायाने ओढूनही तो सुटला नव्हता.

चौकशीअंती प्रकरण उलगडलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जंगबारहून आलेला एक कच्छी व्यापारी कापसाच्या ओढीने अकोल्यात राहिला होता. त्याने या दोघींना समुद्रापलीकडून घरकामासाठी आणलं होतं. व्यापारी पटकीने गेला. आता त्याचा पुतण्या घर विकून कच्छला परत निघाला होता. बाई त्याला नकोच होती, पण मुलगी हवी होती. मुलगी चलाख, हाताखाली तयार झालेली. पुतण्याचं म्हणणं असं, की मुलगी बाईच्या पोटची नाही, कुणा दुसऱ्याच बाईची, ती बोटीवरच मेली. तेव्हा मुलगी घरची, आणि बाईने खुशाल जावं.

कचेरीच्या इंग्रज साहेबाने प्रकरण ऐकून घेतलं. माणूस तापट होता, पण अन्यायी नव्हता. कुणाच्या घरात कुणी माणूस बळजबरीने ठेवता येत नाही हा सरकारचा कायदा, आणि तो त्याला तोंडपाठ होता. नाशकाकडे शिद्दी लोकांसाठी एक आसऱ्याची जागा निघाली आहे, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने ठरवलं ते सोपं होतं. बाईला विचारायचं, जातेस की राहतेस? ती म्हणेल ते इंग्रजीत लिहायचं, तिची निशाणी घ्यायची आणि हुकूम द्यायचा. मुलगी अज्ञान. तिच्यावर बाईने हक्क सांगितला तर त्या हक्काचा विचार होईल. न सांगितला तर ज्या घरात ती राहिली त्या घराकडे ती जाईल.

म्हणजे सगळं बाईच्या एका वाक्यावर आलं. आणि बाईचं वाक्य कळणारं कचेरीत कुणी नव्हतं. त्या बोलीला आम्ही जंगबारी म्हणत असू. स्वाहिली हे नाव मला फार पुढे कळलं. पुतण्याला ती येत होती, पण तो पडला वादी, त्याच्या तोंडून जबानी कशी घेणार? बाई अकोल्यात येऊन फार काळ झाला नव्हता. तिला हिंदुस्थानीतले पाणी, लाकूड, चूल एवढेच शब्द येत. शेवटी मीच सुचवलं की अमरावतीत आमच्या मोहल्ल्यापलीकडे एक कच्छी मुसलमान घराणं आहे. तिथल्या दलालाची आई लग्न होऊन जंगबारला गेली होती, अर्धा जन्म तिने तिकडे काढला. सगळे तिला अम्मा म्हणतात.

अम्मा आल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बडनेऱ्याहून गाडीने, मुलाला बरोबर घेऊन, आणि अशा थाटात की साहेबसुद्धा खुर्चीतून उठला. अर्थात त्याला दिसला तो बुरखाच. कचेरीच्या कोपऱ्यात बांबूच्या काड्यांच्या चिकाचा जाड पडदा लावला होता. अम्मा त्याच्याआड गेल्या, पलंगडी करकरली आणि आतून खणखणीत आवाज आला.

“हम यहीं बैठेंगे. कोई पडदे को हात नहीं लगायेगा. और पानी भिजवाओ, हम को प्यास लगी है.”

सिरस्तेदारांनी मान डोलावली. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, “पाहिलंत? स्वतःला हम म्हणतात. खानदानी बोलणं असं असतं. नाहीतर तुमचं वऱ्हाडात सगळं मले आणि तुले.”

मी पाणी आणायला उठलो. मला थोडी चीड आली, ती तांब्या भरताना गिळून टाकली.

बाईला आणून साहेबाच्या मेजासमोर बसवलं. मुलीला बाहेर ओसरीवर शिपायाजवळ ठेवलं, कारण आत ती पदर सोडेना आणि साहेबाला जबानीच्या वेळी कुणी कुणाला धरलेलं चालत नसे. पदर मुठीतून सोडवताना मुलगी रडली नाही. तिने फक्त मूठ तशीच मिटलेली ठेवली. पुतण्या भिंतीशी हात बांधून उभा राहिला.

आता हे काम कसं चालायचं ते सांगतो. साहेब इंग्रजीत विचारी. सिरस्तेदार त्याचं हिंदुस्थानी करत. पडद्याआडून अम्मा त्याचं जंगबारी करत. बाई उत्तर देई, ते त्याच वाटेने उलटं येई आणि सिरस्तेदार मला इंग्रजी सांगत. मी लिहून घेई. अम्मांना बाई दिसत नव्हती, बाईला अम्मा दिसत नव्हत्या. चिकाच्या त्या पडद्यातून फक्त आवाज इकडे तिकडे जात होता.

साहेबाने विचारलं. सिरस्तेदारांनी हिंदुस्थानी केलं. पडद्याआडून प्रश्न आला, “उताक्वेंदा, आउ उताका?”

बाईने पडद्याकडे तोंड केलं. घशातून एकच शब्द आला, पण दगड ठेवावा तसा ठाम. “तुताक्वेंदा.”

“हम जायेंगे,” अम्मा म्हणाल्या.

सिरस्तेदार माझ्याकडे वळले. “लिहा. आय विल गो.”

मी लिहिलं. पुतण्याच्या चेहऱ्यावर तेव्हाच काहीतरी हललं होतं. तो पायांतल्या जोड्याकडे बघू लागला. मला वाटलं, आता सुटलं म्हणून त्याला हायसं वाटलं असेल.

साहेबाची एक शिस्त होती. लिहिलेली जबानी, देणाऱ्याला त्याच्या बोलीत परत वाचून दाखवल्याशिवाय निशाणी घ्यायची नाही. वाचून दाखवायचं काम माझं. मी कागद उचलला आणि इंग्रजीत जे होतं त्याचं सरळ हिंदुस्थानी केलं, “मैं जाऊँगी.”

 पडद्याआडून अम्मांनी तेवढंच पुढे दिलं, “निताक्वेंदा.”

मी बाईपुढे कागद सरकवला, टाक बुडवून तिच्या हातात दिला. आमच्याकडे लिहिता न येणाऱ्या कुणब्याने सहीऐवजी नांगराची आकृती काढायची आणि बाईने बांगडीची, ही रीत. मी बोटाने कागदावर गोल करून तिला दाखवलं. तिने टाक घेतला, माझ्या बोटाकडे पाहिलं, आणि टाक खाली ठेवला.

“हापाना,” ती म्हणाली. “तुताक्वेंदा.”

“नहीं कहती है,” अम्मा म्हणाल्या. “हम जायेंगे, कहती है.”

“तेच तर लिहिलं आहे,” सिरस्तेदार म्हणाले. “आय विल गो. दुसरं काय?”

पुन्हा वाचलं. पुन्हा मी “मैं जाऊँगी” म्हणालो, पुन्हा पडद्याआडून “निताक्वेंदा” गेलं, आणि पुन्हा बाईने मान हलवली. या खेपेला तिने टाक माझ्या बाजूला ढकलला. शाईचा एक ओघळ कागदावर आला. ओसरीवरून मुलीच्या खोकल्याचा आवाज आला तशी बाईची मान तिकडे वळली आणि तिथेच राहिली.

साहेबाने घड्याळ काढलं. त्याला दुपारी बाळापूरकडे निघायचं होतं. तो म्हणाला, की बाई जाते म्हणते आणि निशाणी करत नाही, तर तिला जायचंच नाही असं दिसतं. निशाणी नाही तर जबानी नाही. मग दोघींनी घरी परत जावं आणि घरच्यांनी त्यांचं काय ते बघावं.

हे जंगबारीत कुणी बाईला सांगितलं नाही. पण पुतण्याने भिंतीवरून पाठ काढली आणि जोडे सारखे केले, त्यावरून तिला कळलं असावं. तिने दोन्ही हात मेजावर टेकले. 

मला अजून सांगता येत नाही की मी का बोललो. कदाचित सकाळचा तो मले-तुलेचा काटा अजून पोटात होता. मी साहेबाची परवानगी न घेताच पडद्याकडे तोंड करून विचारलं, “अम्मा, ये बाई हम बोलती है, वो कितने जन?”

सिरस्तेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या ताटात हात घातला जणू.

पडद्याआड पलंगडी करकरली. “काहून रे?” अम्मा म्हणाल्या. अमरावतीत राहून त्यांच्या तोंडी आमचं काहून बसलं होतं. “तुम को मालूम नहीं? ज्यादा जन. एक होती तो ‘नि’ बोलती. वो ‘तु’ बोली.”

“पण अम्मा,” सिरस्तेदार अतिशय अदबीने म्हणाले, “आपण स्वतःला हमच म्हणता. आम्हाला वाटलं, बाईही तशीच मानाने बोलते आहे.”

यावर त्या हसल्या. पडद्याचा चिक हलला इतक्या मोकळ्या हसल्या. “मेरी बात छोडो. मैं अपने को हम बोलूँ, मेरी मर्जी, हमारे घर का रिवाज. लेकिन उस बोली में ऐसा नहीं चलता. वहाँ सुलतान को भी ‘उ’ बोलते हैं, मतलब तू, और कुली को भी ‘उ’. एक है तो एक. मान देने के वास्ते एक का दो नहीं करते.”

मी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण साहेबाने घड्याळ खिशात ठेवलं. त्याने विचारलं, की एवढ्याशा ‘तु’ वर इतकी मोठी गोष्ट कशी ठेवायची? तो शब्द बाईच्या तोंडून चुकूनही निघाला असेल.

अम्मांपर्यंत हे पोचलं तेव्हा त्यांना राग आला. त्या पडद्याआडून शिकवू लागल्या आणि आम्ही सगळे, साहेबासकट, शाळेतल्या पोरांसारखे ऐकत बसलो.

“सुनो. तुम्हारी कपास का बोझा, मझीगो. एक बडा बोझा आया, तो बोलेंगे, मझीगो म्मोजा मकुब्वा उमेफिका. दो बडे बोझे आये, मिझीगो मिविली मिकुब्वा इमेफिका. सुना? एक बच्चा छोटा आया, मतोतो म्मोजा मदोगो अमेफिका. दो आये, वातोतो वाविली वादोगो वामेफिका. प्याली टूटी, किकोंबे किमोजा किदोगो किमेवुंजिका. दो टूटी, विकोंबे विविली विदोगो विमेवुंजिका. अब बोलो, चूक से निकलता है?”

मी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते भराभरा देवनागरीत उतरवत होतो. उतरवता उतरवता अंगावर काटा आला. खरंच आला, मी उगाच म्हणत नाही. एक गठाण दोन झाली की नुसतं गठाणीचं नाव बदलत नव्हतं. मोठी हा शब्द बदलत होता, दोन हा शब्द बदलत होता आणि क्रियापदाचं तोंडही बदलत होतं. माणसांच्या कळपाला वा, बोझ्यांना मि आणि इ, प्याल्यांना वि. दलालाच्या गोदामात एका मालकाच्या सगळ्या गठाणींवर एकच मार्का असतो, तसा त्या वाक्यातल्या शब्दाशब्दावर मार्का होता. आमच्या मराठीतही लिंग-वचनाचे खेळ कमी नाहीत. मोठा मुलगा आला, मोठे मुलगे आले. मला त्याचा अभिमान होता. पण आमचा मार्का शब्दाच्या शेपटीला असतो, आणि मानासाठी आम्ही तो खुशाल खोटा मारतो. ‘साहेब आले’ म्हणतो आणि साहेब एकटाच असतो. इथे मार्का शब्दाच्या कपाळावर होता आणि तो खोटा मारायची सोयच नव्हती. असा बारीक विणलेला ठेवा माझ्यासमोर बसलेली बाई घशात घेऊन फिरत होती, आणि अकोल्यात लोक तिला मुकी समजत होते.

“माणसाचंही तसंच,” अम्मा आता मराठीत आल्या, तीही त्यांच्या तऱ्हेची. “मी जाईन, निताक्वेंदा. तू जाशील, उताक्वेंदा. तो जाईल, ती जाईल, अताक्वेंदा. आमी जाऊ, तुताक्वेंदा. तुमी जान, मताक्वेंदा. ते लोक, वाताक्वेंदा. जानं तेच हाय. कोन जाते ते आदी सांगा लागते, मंग जानं.”

 मग साहेबाने एक प्रश्न विचारला, आणि मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. तो म्हणाला, मी इंग्रजीत ‘यू’ म्हणालो होतो. आमचा यू एकालाही चालतो आणि अनेकांनाही. मग तुम्ही बाईला काय विचारलं? एकटीला विचारलं की दोघींना?

मी हिंदुस्थानी केलं. पडद्याआडून उत्तर लगेच आलं.

“मुझे दिखता नहीं था वहाँ कौन है. तुम ने बाई बोला, तो मैं ने एक समझ के पूछा. उताक्वेंदा. तू जायेगी?”

“आणि ती?”

“वो बोली तुताक्वेंदा.”

 मला ते हळूहळू उमगत गेलं. प्रश्न एकटीला विचारला होता. ‘नि’ म्हणणं सोपं होतं, विचारलेल्या प्रश्नाला तेच सरळ उत्तर होतं. तिने ते घेतलं नाही. तिने प्रश्नच मोठा केला आणि त्यात मुलीला आत घेतलं. एका अक्षराने. आणि हे, तिला न पाहणाऱ्या एका म्हातारीला ऐकू आलं होतं. बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना एकटीच बाई दिसत होती.

सिरस्तेदारांनी माझ्या हातातला टाक घेतला. त्यांनी स्वतः ‘आय’ खोडलं आणि वर ‘वुई’ लिहिलं. मग समासात आपली सही केली. “दुरुस्ती माझ्या हातची आहे,” ते म्हणाले. “असू दे.” त्यांच्या आवाजात ओशाळेपणा नव्हता. ते नुसतेच जरा वेळ त्या खोडलेल्या अक्षराकडे बघत राहिले.

मग पुतण्या बोलला. तो इतका वेळ गप्प का होता हे मला तेव्हा कळलं. पहिल्या ‘तु’लाच त्याला सगळं समजलं होतं. तो म्हणाला, बाई काहीही म्हणो, मुलगी तिची नाही. हक्क सांगितला म्हणून हक्क होत नाही. उद्या ती मेजालाही माझं म्हणेल.

साहेबाने हे नाकारलं नाही. मुलगी पोटची आहे असं बाईनेही म्हटलं नव्हतं. त्याने मान खाली घालून विचार केला आणि म्हणाला, मुलीला आत आणा. बाईला तिच्याकडे पाठ करून बसवा. कुणी खूण करायची नाही.

बाईला खुर्चीसकट फिरवलं. तिचं तोंड आता भिंतीकडे होतं. मुलगी आत आली, मूठ अजून मिटलेलीच होती. तिला आमच्या धड्यातलं काही ऐकू गेलेलं नव्हतं. शिपाई तिला ओसरीच्या पार टोकाला फुटाणे चारत होता, तिच्या ओठाला मीठ लागलं होतं. तिने बाईची पाठ पाहिली, पडदा पाहिला, भिंतीशी उभ्या पुतण्याला पाहिलं आणि जागीच थांबली. पुतण्या तिच्याकडे बघून गोड हसला. मला तो हसू नये असं फार वाटलं.

साहेब म्हणाला, मघाचाच प्रश्न विचारा. तसाच.

“उताक्वेंदा, आउ उताका?” पडद्याआडून आलं. पण या वेळी आवाज खणखणीत नव्हता. एखादी आजी विचारेल तसा होता. तू जाशील, की राहशील?

मुलीने आवाज कुठून आला ते शोधलं. तिला माणूस दिसलं नाही. खुर्चीच्या कडेवर बाईची बोटं घट्ट आवळलेली मला दिसत होती.  मी मनात म्हणत होतो, ‘नि’ म्हणू नकोस, बाळ, ‘नि’ म्हणू नकोस. ज्या बोलीचा मला सकाळपर्यंत गंध नव्हता, तिच्यातल्या एका अक्षराची मी देवाकडे मागणी करत होतो.

“तुताक्वेंदा,” मुलगी म्हणाली.

अम्मांनी त्याचं हिंदुस्थानी करायच्या आधी, सिरस्तेदारांनी तोंड उघडायच्या आधी, साहेबाने स्वतःचा टाक उचलून हुकुमाच्या कागदावर लिहायला सुरुवात केली होती. दुभाष्याची गरजच उरली नव्हती. मी बाजूला उभा होतो, मला शब्द दिसला. वुई.

बाईला परत फिरवलं. तिने काही विचारलं नाही, मुलीचं उत्तर तिने पाठीने ऐकलं होतं. मी वाचून दाखवलं, “हम जायेंगे,” आणि पडद्याआडून ते पुढे गेलं. तिने टाक घेतला, एक बांगडी काढली. वेडीवाकडी, पण पूर्ण बंद. मी कागद ओढू लागलो तर तिने माझा हात अडवला आणि त्या बांगडीला खेटून दुसरी, लहान बांगडी काढली. नियमाप्रमाणे एकाच माणसाची निशाणी हवी होती. सिरस्तेदारांनी ती पाहिली, आणि माझ्याकडे न बघता शाई सुकवायला कागदावर वाळू टाकली.

संध्याकाळी त्या दोघींना नाशिककडच्या गाडीत बसवायला मी स्टेशनावर गेलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच गेलो. अम्मांची गाडी उलट्या दिशेची, बडनेऱ्याची, ती उशिरा होती. त्या स्टेशनाच्या आवारात पडदे सोडलेल्या बैलगाडीतच बसून होत्या. त्यांचा मुलगा तिकिटं बघायला आत गेला होता आणि गाडीवान बैलांना पाणी आणायला. मी बैलगाडीच्या चाकाशी जाऊन उभा राहिलो, बोललो मात्र नाही. दिवसभर मी कचेरीत फार बोललो होतो, आणि मोठ्या घरच्या बाईशी रस्त्यात बोलणं बरं दिसलं नसतं. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

शिपायाबरोबर बाई आणि मुलगी समोरून आल्या. मुलीच्या मुठीत पुन्हा तोच पदर होता. बाई आमच्यापुढे थांबली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उजवा हात छातीवर ठेवून ती एकच शब्द बोलली आणि गेली. तिची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो.

पडद्याआडून हालचाल झाली.

“बाहेर कोन हाय?” अम्मांनी विचारलं.

मी दचकलो. पायाखाली वाळकं पानसुद्धा वाजलं नव्हतं. “आपल्याला कसं कळलं?”

“वो बोली, क्वाहेरीनी,” त्या म्हणाल्या. “एकाले निरोप देयाचा तर क्वाहेरी म्हनतेत. क्वाहेरीनी म्हनजे एकापक्षा जास्त लोकाईले. मी तं एकटीच बसली हाव अंदर. तवा बाहेर कोनीतरी उभं हाय, ज्याले तिनं धरलं.”

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पडद्यामुळे ते दिसत नव्हतं, याचं मला बरं वाटलं.

“मी हाव, अम्मा,” मी म्हणालो.